टीव्ही बदलावा की आधी सेटिंग?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी एक पत्र बऱ्याच घरांना लागू पडेल असे आहे. म्हणून या वेळचा सगळा स्तंभ त्याच पत्राला देतो. रत्नागिरी जिल्ह्यातील एक भगिनी लिहितात:

"माझा थोरला मुलगा कुवेतला नोकरीला आहे. मागच्या ईदला आला तेव्हा धाकट्या दोघा भावांसाठी त्याने प्लेस्टेशन ५ आणला. आमचा हॉलमधला टीव्ही ४३ इंची, फोर-के, तीन वर्षांपूर्वी घेतलेला. अजून नव्यासारखा चालतो. आता धाकटे म्हणतात, या टीव्हीवर बटण दाबले की खेळाडू उशिरा हलतो, म्हणून आम्ही हरतो. त्यांना १२० हर्ट्झचा आणि एचडीएमआय २.१ वाला ५५ इंची टीव्ही हवा आहे. भाईजान सत्तर हजार पाठवायला तयार आहे, पण ते पैसे त्याने घराच्या वरच्या खोलीच्या स्लॅबसाठी बाजूला ठेवलेले आहेत. मुले खरे बोलतात की हट्ट करतात, हे मला कळत नाही. त्यांच्या अब्बांना विचारले तर ते म्हणतात, चित्र दिसतेय ना, मग झाले!"

उत्तर आधीच सांगून टाकतो. मुले खरे बोलत आहेत. त्यांनी ओळखलेला दोष खरा आहे, पण सुचवलेला इलाज बहुधा गरजेचा नाही. हे कसे ते समजण्यासाठी तीन गोष्टी वेगवेगळ्या कराव्या लागतील. दुकानदार आणि जाहिराती त्या एकाच दमात सांगतात, म्हणून त्यांचा गोंधळ होतो. त्या तीन गोष्टी म्हणजे इनपुट लॅग, रिफ्रेश रेट आणि एचडीएमआयची आवृत्ती.

उशीर होतो कुठे?

कंट्रोलरवरचे बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत जो वेळ जातो, त्यातला टीव्हीच्या वाट्याचा भाग म्हणजे इनपुट लॅग. तो मिलिसेकंदात मोजतात. एका सेकंदाचे हजार मिलिसेकंद.

टीव्ही मुळात सिनेमा आणि मालिका पाहण्यासाठी बनवलेला असतो. आलेले चित्र तो लगेच दाखवत नाही. आधी त्यातला खरखरीतपणा काढतो, रंग गडद करतो, कडा धारदार करतो. शिवाय हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मधले तिसरे चित्र स्वतः बनवून घुसवतो. मधले चित्र बनवायचे तर पुढचे चित्र हातात असावेच लागते, म्हणून टीव्ही एक-दोन चित्रे अडवून धरतो. मालिका पाहताना हे कुणाला जाणवत नाही, कारण आवाजही तेवढाच मागे ठेवलेला असतो आणि पाहणारा काही बटण दाबत नसतो. खेळताना मात्र बोट आधी हलते आणि खेळाडू नंतर. अनेक टीव्हींवर नेहमीच्या चित्रपद्धतीत हा उशीर पन्नास ते दीडशे मिलिसेकंदांपर्यंत जातो.

याच टीव्हीत 'गेम मोड' नावाची सोय असते. ती चालू केली की वरची बहुतेक सजावट बंद होते आणि चित्र आले तसे पडद्यावर जाते. गेल्या काही वर्षांतल्या चांगल्या टीव्हींचा उशीर गेम मोडमध्ये दहा-वीस मिलिसेकंदांवर येतो. या सोयीला पैसे पडत नाहीत. फक्त ती शोधून चालू करावी लागते.

इथे खोक्यावरच्या एका आकड्याने फसू नये. मॉनिटरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत '१ मिलिसेकंद' लिहिलेले असते. तो इनपुट लॅग नव्हे. तो 'रिस्पॉन्स टाइम' आहे, म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका एका छटेवरून दुसऱ्या छटेवर जायला किती वेळ घेतो तो आकडा. तो कमी असेल तर धावत्या वस्तूमागे धुरकट शेपूट दिसत नाही. बटण दाबल्यावर किती वेळाने हालचाल दिसेल, हे त्यावरून कळत नाही. इनपुट लॅगचा आकडा खोक्यावर सहसा छापतच नाहीत.

घरच्या घरी मोजून पाहा

खोक्यावर छापलेले नसले तरी घरी मोजता येते. मी या भगिनींच्या मुलांना फोनवर एक चाचणी सांगितली. ती कुणालाही करता येईल.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्लो मोशन असते. त्यात सेकंदाला २४० चित्रे घेण्याची सोय निवडायची, म्हणजे एक चित्र सुमारे ४.२ मिलिसेकंदांचे झाले. एकाने टीव्हीसमोर कंट्रोलर धरायचा आणि दुसऱ्याने कंट्रोलर व पडदा दोन्ही दिसतील असे चित्रण करायचे. गेम सुरू करायची गरज नाही. कन्सोलच्या मुख्य पानावर एका चौकोनावरून दुसऱ्यावर जायचे, तेवढे पुरे. नंतर चित्रण एकेक चित्र पुढे सरकवत पाहायचे. अंगठ्याने बटण पूर्ण दाबले त्या चित्रापासून पडद्यावर पहिला बदल दिसला त्या चित्रापर्यंत मोजायचे. एकाच मोजणीवर भरवसा ठेवायचा नाही. पाच वेळा मोजून सरासरी घ्यायची, कारण बटण दोन चित्रांच्या मध्ये कधी पडेल त्यानुसार आकडा थोडा मागेपुढे होतो.

मुलांनी नेहमीच्या चित्रपद्धतीत मोजले तेव्हा आकडे आले ३७, ३५, ३८, ३६ आणि ३४. सरासरी ३६ चित्रे, म्हणजे दीडशे मिलिसेकंद. मग गेम मोड लावून मोजले: १७, १५, १६, १८ आणि १४. सरासरी १६ चित्रे, म्हणजे साधारण ६७ मिलिसेकंद.

यातले ६७ मिलिसेकंद टीव्हीचेच आहेत असे समजू नये. कंट्रोलरकडून संदेश जायला आणि कन्सोलने नवे चित्र तयार करायला लागणारा वेळही त्यात आला. पण तो भाग दोन्ही मोजण्यांत सारखाच आहे. म्हणून दोघांतला फरक तेवढा शुद्ध टीव्हीचा धरायचा. तो आहे २० चित्रांचा, सुमारे ८३ मिलिसेकंदांचा. फुटबॉलचा गेम सेकंदाला साठ चित्रे दाखवतो, म्हणजे एक चित्र १६.७ मिलिसेकंदांचे. हिशेब केला तर मुले प्रत्येक चेंडूवर पाच चित्रे मागे होती. समोरच्याने पास दिलेला दिसेपर्यंत चेंडू पुढे गेलेला असायचा. त्यांची तक्रार खोटी नव्हती.

गेम मोड लावला तरी फरक पडत नसेल तर

काही घरांत गेम मोड लावूनही मुले तीच तक्रार करतात. त्याची कारणे बहुधा पुढीलपैकी एक असतात.

पहिले कारण असे की बऱ्याच टीव्हींवर चित्राची पद्धत प्रत्येक एचडीएमआय जागेसाठी वेगळी लक्षात ठेवली जाते. दोन नंबरच्या जागेवर गेम मोड लावला आणि साफसफाई करताना कुणी वायर एक नंबरला जोडली, तर टीव्ही पुन्हा जुन्या पद्धतीवर येतो. नव्या टीव्हींमध्ये 'ऑटो लो लेटन्सी मोड' असतो, पडद्यावर तो ALLM या अक्षरांनी दिसतो. तो टीव्ही आणि कन्सोल दोघांतही चालू असेल तर कन्सोल स्वतःच टीव्हीला कळवतो की आता गेम चालू आहे. मग हाताने काही करावे लागत नाही.

दुसरे कारण इंटरनेटचे. ऑनलाइन सामन्यात उशीर झाला की टीव्हीवर आळ येतो. ओळखायची रीत सोपी आहे. तोच गेम इंटरनेटशिवाय, कन्सोलशीच खेळून पाहावा. तिथे खेळाडू बरोबर हलत असेल आणि ऑनलाइन गेल्यावरच अडखळत असेल, तर दोष जोडणीचा आहे. सत्तर हजारांच्या टीव्हीने तो जाणार नाही. कन्सोलला राउटरपासून वायर टाकून बघितलेली बरी.

तिसरे कारण चित्र न आवडण्याचे. गेम मोड लावला की रंग थोडे फिके वाटतात, म्हणून घरातले कोणीतरी तो बंद करते. टीव्हीवर मालिका पाहताना जुनी पद्धत ठेवायला काहीच हरकत नाही, कारण पद्धत त्या त्या जागेपुरती आहे. कन्सोलच्या जागेवर गेम मोड ठेवून रंग आणि उजेड हाताने थोडा वाढवला तर उशीर वाढत नाही.

साठ आणि एकशेवीस

आता रिफ्रेश रेट. पडदा एका सेकंदात किती वेळा नवे चित्र दाखवू शकतो, तो हा आकडा. साठ हर्ट्झवर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र येते, एकशेवीसवर दर ८.३ मिलिसेकंदांनी. चित्र जास्त वेळा आले की हालचाल स्वच्छ दिसते आणि उशीरही थोडा कमी होतो. पण पडदा कितीही वेगवान असला तरी कन्सोल जेवढी चित्रे पाठवील तेवढीच नवी चित्रे दिसणार. म्हणून पहिला प्रश्न पडद्याचा नसून गेमचा आहे.

प्लेस्टेशन ४ साठच्या पुढे जातच नाही. घरात तोच असेल तर १२० हर्ट्झसाठी जादा पैसे देऊ नयेत. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस हे १२० देऊ शकतात, पण गेममध्येही तशी सोय हवी. 'ईए स्पोर्ट्स एफसी' हा फुटबॉलचा गेम प्लेस्टेशन ५ वर साठ चित्रांनी चालतो. 'फोर्टनाइट'मध्ये १२०ची सोय आहे. मोटारींचा 'ग्रान टुरिस्मो ७' घेतला तर त्यातही ती नंतर आली. मोठ्या कथा असलेले बरेचसे गेम मात्र तीस किंवा साठवरच असतात.

या भगिनींच्या घरी मोठा मुलगा फुटबॉल खेळतो आणि लहान फोर्टनाइट. म्हणजे मोठ्याला १२० हर्ट्झच्या पडद्याचा फायदा जवळजवळ नाही. गेम मोड लावल्यावर त्याचे ८३ मिलिसेकंद वाचले. नव्या टीव्हीने त्याला आणखी थोडेच मिळाले असते. लहान्याला मात्र खरोखर फरक दिसेल.

पडदा घ्यायचाच ठरला तर '१२०' या आकड्याकडे नीट पाहावे लागते. तो खोक्यावर तीन वेगळ्या अर्थांनी येतो. एक, पडदा खरोखरच पूर्ण फोर-के चित्र सेकंदाला १२० वेळा दाखवतो. दोन, पडदा साठचाच आहे, पण मधली चित्रे बनवण्याच्या सोयीला कंपनीने 'मोशन रेट १२०' असे काही नाव दिले आहे. ही तीच सोय, जी गेम मोडमध्ये बंद होते. तीन, पडदा पूर्ण चित्र साठच वेळा दाखवतो. १२०वर जाताना तो दोन-दोन ओळी एकाच वेळी सारख्या रंगवतो, म्हणून उभी स्पष्टता निम्मी होते. या पद्धतीला 'डीएलजी' म्हणतात. ती अगदी वाईट नाही, हालचाल खरोखरच गुळगुळीत होते. पण त्याला खऱ्या १२०च्या पडद्याची किंमत देऊ नये. दुकानदाराला एवढेच विचारावे: "पॅनेलचा मूळ रिफ्रेश रेट किती? फोर-केमध्ये १२० मिळतात का?"

एचडीएमआय म्हणजे पाइप

कन्सोलकडून चित्र टीव्हीकडे जाते ते एचडीएमआयच्या वायरीतून. टाकीतून नळापर्यंत येणाऱ्या पाइपासारखे समजा. पाइप अरुंद असेल तर टाकी भरलेली असूनही नळाला धार बारीकच येते.

किती पाणी जायचे आहे, ते गुणाकाराने कळते. फोर-के चित्रात ३८४० गुणिले २१६० ठिपके असतात. सेकंदाला साठ चित्रे म्हणजे सुमारे ४९.८ कोटी ठिपके. एवढे एचडीएमआय २.० च्या पाइपातून जातात. तेच चित्र १२० वेळा पाठवायचे तर ९९.५ कोटी होतात. ते त्या पाइपात मावत नाहीत, त्यासाठी २.१ चा मोठा पाइप लागतो. आता मधला पर्याय पाहा. अनेक मॉनिटरांचे चित्र २५६० गुणिले १४४० ठिपक्यांचे असते, त्याला १४४०पी म्हणतात. ते १२० वेळा पाठवले तरी ४४.२ कोटीच होतात, म्हणजे फोर-केच्या साठपेक्षाही कमी. म्हणून साध्या एचडीएमआय २.० च्या १४४०पी मॉनिटरवर १२० हर्ट्झ मिळू शकतात. जाहिरातीत हे सहसा सांगत नाहीत. प्लेस्टेशन ५ मध्ये १४४०पीची सोय सप्टेंबर २०२२ मध्ये आली. एक्सबॉक्स सिरीजमध्ये ती पहिल्यापासून आहे.

मग खोक्यावर 'एचडीएमआय २.१' दिसले की काम झाले का? नाही. २.१ मधल्या सोयी ऐच्छिक आहेत. २०२१ च्या अखेरीस हे उघडपणे चर्चेत आले की ज्याचा पाइप २.० एवढाच आहे, असे उपकरणही नियमानुसार स्वतःला २.१ म्हणवू शकते. कोणत्या सोयी दिल्या आहेत ते मात्र कंपनीने सांगितले पाहिजे. म्हणून आवृत्तीचा आकडा विचारण्यापेक्षा सोय विचारावी. टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत, जी कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते, शेवटी चालणाऱ्या चित्रांचा तक्ता असतो. त्यात एचडीएमआयखाली 3840 x 2160 आणि त्यासमोर 120 Hz अशी ओळ आहे का, ते पाहावे. ओळ नसेल तर खोक्यावर काहीही छापलेले असो, ती सोय नाही असे समजावे.

त्याच पानावर आणखी एक गोष्ट पाहावी. चार एचडीएमआय जागा असलेल्या टीव्हीत १२०ची सोय कित्येकदा दोनच जागांवर असते. त्यातली एक बऱ्याचदा साउंडबारचीही जागा असते. ज्यांच्याकडे साउंडबार आणि दोन कन्सोल आहेत, त्यांची इथे अडचण होते.

मॉनिटर घेताना वेगळा फटका बसतो. खोक्यावर १६५ किंवा १८० हर्ट्झ लिहिलेले असते. पण तो आकडा अनेकदा संगणकाच्या 'डिस्प्लेपोर्ट' जागेचा असतो. कन्सोलला डिस्प्लेपोर्ट नसतो, एचडीएमआयच असतो, आणि त्याच मॉनिटरच्या एचडीएमआयवर आकडा कमी असू शकतो. तेव्हा तक्त्यात एचडीएमआयच्या खाली 2560 x 1440 आणि 120 Hz आहे ना, ते बघावे.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. गेममध्ये गर्दी झाली की कन्सोलची चित्रे १२०वरून ९०-१००वर घसरतात. तेव्हा पडदाही आपला वेग त्यानुसार कमी-जास्त करतो, त्या सोयीला व्हीआरआर म्हणतात. प्लेस्टेशन ५ ही सोय फक्त एचडीएमआय २.१ च्या पद्धतीने देतो. एक्सबॉक्स सिरीज ती 'फ्रीसिंक' पद्धतीनेही देतो, म्हणून २.० च्या अनेक मॉनिटरांवर चालते. स्वस्त मॉनिटरवर प्लेस्टेशन ५ जोडला तर १२० मिळतील, पण व्हीआरआर बहुधा मिळणार नाही. त्यामुळे अधूनमधून चित्र किंचित झटका खाईल. नेहमीच्या खेळात त्याने अडत नाही, पण घेण्याआधी माहीत असलेले बरे.

आणल्यावर खात्री कशी करावी

१२०चा पडदा घरी आणूनही कित्येक घरांत साठच चालू असतात आणि कुणाला कळत नाही. जोडणी झाल्यावर पुढील चार गोष्टी याच क्रमाने पाहाव्या.

वायर कन्सोलसोबत आलेलीच वापरावी. प्लेस्टेशन ५ च्या खोक्यात २.१ ची वायर असते. ती कपाटात ठेवून डिशच्या सेट-टॉप बॉक्सची जुनी वायर लावली, तर १२० मिळत नाहीत किंवा मधूनच पडदा काळा होऊन परत येतो. पडदा असा काळा होऊ लागला तर टीव्ही बिघडला असे मानण्याआधी वायर बदलावी. नवी वायर घ्यायची झाल्यास पाकिटावर Ultra High Speed असा शिक्का आणि स्कॅन करायचा चौकोन असलेलीच घ्यावी. गरजेपेक्षा लांब वायर घेऊ नये.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय जागेचा मोठा पाइप उघडावा लागतो. अनेक टीव्हींत तो आधी बंद असतो. काही कंपन्या त्याला Input Signal Plus म्हणतात, काही Enhanced Format. नाव वेगळे असले तरी तो एचडीएमआयच्या सेटिंगमध्येच सापडतो.

मग प्लेस्टेशन ५ मध्ये Settings, Screen and Video, Video Output असे जाऊन Video Output Information उघडावे. जोडलेला पडदा काय काय घेऊ शकतो आणि सध्या काय चालू आहे, दोन्ही तिथे लिहून येते. १२०ची नोंद तिथे नसेल तर वायर, जागा किंवा टीव्हीचे सेटिंग यातले काहीतरी चुकते आहे. एक्सबॉक्सवर हीच माहिती TV & display options मधल्या 4K TV details या पानावर मिळते.

शेवटी गेमच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये १२०ची सोय चालू करावी. कन्सोलने ती आपोआप चालू केली असेल असे गृहीत धरू नये. ती चालू केल्यावर चित्राचा बारकावा थोडा कमी होतो, कारण कन्सोलला तेवढ्याच वेळात दुप्पट चित्रे बनवावी लागतात. तो दोष नव्हे, ती देवाणघेवाण आहे.

या घरासाठी हिशेब

आता पत्रातल्या घराचा निर्णय. फुटबॉल खेळणाऱ्या मुलाचे काम हॉलमधल्या टीव्हीवर, गेम मोड लावून झाले आहे. त्याच्यासाठी खर्च शून्य.

फोर्टनाइट खेळणाऱ्याला १२० हवेच असतील, तर त्यासाठी ५५ इंची टीव्ही हा एकच मार्ग नाही. २७ इंची, १४४०पी, एचडीएमआयवर १२० हर्ट्झ देणारा मॉनिटर त्या टीव्हीच्या निम्म्याहून बऱ्याच कमी किमतीत मिळतो. तो अभ्यासाच्या टेबलावर बसतो. मॉनिटरचा पडदा गेमसाठीच बनवलेला असल्यामुळे त्यात बहुधा वेगळा गेम मोड शोधावा लागत नाही. मुलांना कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी लॅपटॉपही त्याला जोडता येतो. आणखी एक फायदा त्या भगिनींनी फोनवर स्वतःच सांगितला. कन्सोल हॉलमधून हलला की रात्री दादीला तिची मालिका निवांत पाहता येईल आणि रिमोटवरून रोज होणारी ओढाताण थांबेल.

मॉनिटरच्या उणिवाही मोजाव्या. कित्येक मॉनिटरांना स्पीकर नसतात, असले तरी आवाज बारीक असतो. प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरला हेडफोनची जागा आहे, त्यामुळे एकट्याच्या खेळात अडत नाही. पण चार भावंडे बसून एकत्र खेळणार असतील तर २७ इंची पडदा लहान पडतो. अशा वेळी कन्सोल उचलून हॉलमधल्या टीव्हीला लावावा आणि गेम मोड चालू आहे ना, ते एकदा बघून घ्यावे.

५५ इंची खऱ्या १२०चा टीव्ही कुणी घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. जुना टीव्ही बिघडला असेल, त्यात गेम मोडच नसेल, किंवा गेम मोड लावूनही वरच्या चाचणीत आकडा फारसा खाली येत नसेल, तर बदलण्याला अर्थ आहे. घरातले सगळे मोठ्या पडद्यावर सिनेमा पाहतात आणि मुलेही १२०चे गेम खेळतात, अशा घरालाही तो परवडतो. मात्र खरेदीच्या दिवशी माहितीपुस्तिकेतल्या त्या तक्त्याचे पान मोबाइलमध्ये घेऊन दुकानात जावे. दुकानदार तयार असेल तर घरचा कन्सोल पिशवीतून न्यावा आणि तिथेच जोडून Video Output Information उघडून पाहावे. पंधरा मिनिटांचे काम आहे. पडद्यावर १२०ची नोंद दिसली तरच बिल करायला सांगावे.